पुरावा-परिच्छेद

वाचनाच्या टिपणांतून तयार झालेला आणि तीन अंगे असलेला परिच्छेद : एक विधान, त्याला संदर्भासह दिलेला आधार आणि तो आधार त्या विधानाला कसा लागू पडतो याचे स्पष्टीकरण. प्रकल्प, शोधनिबंध, प्रबंध या सगळ्यांत तो लागतो. बहुतेक वेळा तो बिघडतो तो लिहिताना नव्हे, टिपण काढतानाच. मूळ लेखकाचे शब्द, त्याच्या म्हणण्याचा सारांश आणि वाचताना आपल्याला सुचलेले, हे तिन्ही वहीत एकत्र उतरवले की महिन्याभराने कोणते कोणाचे हे आपल्यालाच सांगता येत नाही. म्हणून मूळ शब्द अवतरणचिन्हांत, सारांश चिन्हांविना आणि स्वतःचा विचार ‘मी :’ असे लिहून वेगळ्या ओळीत ठेवतात. पृष्ठ क्रमांक त्याच वेळी टिपतात.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला दिलेले निवेदन उदाहरणादाखल घेऊ. त्यावरची टिपणे अशी :

गावच्या शाळेत वाचन, मोडी व बाळबोध लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्याचे थोडे धडे.
शेतीच्या धड्यांना जोडून लहान नमुना-शेत.
शिक्षकाचा पगार किमान १२ रुपये, मोठ्या गावांत १५ ते २०.
मी : बाळबोध असताना मोडी कशाला?

‘फुल्यांनी प्राथमिक शिक्षणाविषयी अनेक सूचना केल्या’ हे विधान नव्हे, तो विषय झाला. त्याला कोणी हरकत घेणार नाही, म्हणून पुराव्याचीही गरज पडत नाही. विधानाचे बीज बहुधा ‘मी :’ या ओळीत असते. इथे मोडीच्या प्रश्नातून ‘फुल्यांना अभिप्रेत असलेली शाळा शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहाराला उपयोगी पडणारी होती’ असे विधान निघते. ते ठरताच पगाराचे टिपण बाहेर पडते. ते मोलाचे आहे, पण या विधानाला काही आधार देत नाही. त्याची जागा शिक्षकांवरच्या परिच्छेदात. काढलेले प्रत्येक टिपण वापरायचेच या हट्टाने परिच्छेदाची यादी होते.

पहिला खर्डा असा होईल :

‘हंटर आयोगापुढील निवेदनात फुल्यांना अभिप्रेत असलेली गावची शाळा शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहाराला उपयोगी पडणारी होती. अभ्यासक्रमात त्यांनी मोडी व बाळबोध लेखन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान सुचवले; शेतीच्या धड्यांसाठी लहान नमुना-शेतही सुचवले (फुले १८८२). छापील पुस्तके बाळबोधीत असत, पण सावकारी कागद मोडीत लिहिले जात. नुसती बाळबोध शिकलेल्या मुलाला पुस्तक वाचता आले, तरी घरचा कर्जरोखा वाचता आला नसता. मोडी आणि हिशेब सोबत शिकवल्याने ही अडचण दूर होणार होती.’

कंसातला संदर्भ दुसऱ्या वाक्याच्या शेवटी आहे, परिच्छेदाच्या शेवटी नाही. प्रत्यक्षात त्यात वापरलेल्या आवृत्तीचे पृष्ठही येते. तोच कंस शेवटी नेला तर कर्जरोख्याचा युक्तिवादही फुल्यांच्या नावावर जमा होतो; अभ्यासक्रमाच्या त्या यादीत मात्र मोडीचे कारण दिलेले नाही. तो निष्कर्ष परिच्छेद लिहिणाऱ्याचा आहे आणि त्याची जबाबदारीही त्याचीच. त्यातले ‘सावकारी कागद मोडीत लिहिले जात’ हे वाक्य मात्र निष्कर्ष नसून माहिती आहे, म्हणून त्याला स्वतःचा संदर्भ हवा. खर्ड्यात तो राहून गेला आहे. स्पष्टीकरणात अशी माहिती सहज शिरते, कारण लिहिणाऱ्याला ती सर्वांना ठाऊक असल्यासारखी वाटते.

निवेदन इंग्रजीत आहे. त्यातले वाक्य मराठीत आणून अवतरणचिन्हांत घातले तर ते फुल्यांचे मूळ मराठी शब्द वाटतात. अशा वेळी ‘भाषांतर लेखकाचे’ असे नोंदवावे किंवा खर्ड्यातल्याप्रमाणे सारांश द्यावा.

आधार भक्कम करायला १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचा दाखला जोडावासा वाटतो, कारण सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखेच जाळले. पण त्यातून रोख्यांचा जाच सिद्ध होतो, ते वाचता येत नव्हते हे नाही. दाखला विषयाच्या जवळचा असला म्हणजे तो विधानाचा पुरावा ठरतोच असे नाही. ओळखण्याची सोपी रीत अशी : आधाराचे वाक्य झाकून स्पष्टीकरण वाचावे. आधाराविनाही ते तसेच उभे राहत असेल, तर त्या दोहोंचा सांधा जुळलेला नाही.

शेवटी खर्डा पुन्हा टिपणांशी ताडून पाहतात. इथे इतिहास, भूगोल, व्याकरण आणि नीतीचे धडे गळले आहेत, आणि ते रोजच्या व्यवहाराच्या विधानात नीट बसत नाहीत म्हणूनच गळले आहेत. ते आधारात परत घ्यावे लागतात आणि विधान तेवढे आवरावे लागते : ‘फुल्यांनी सुचवलेल्या अभ्यासक्रमात सर्वसाधारण ज्ञानाच्या विषयांबरोबरच शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहाराला लागणाऱ्या गोष्टींना ठळक जागा होती.’