नैतिक निवड प्रणाली (रोल-प्लेइंग गेम)

खेळाडूने कोणाला मारले, कोणाला सोडले, कोणाला काय शब्द दिला याची नोंद ठेवून त्यानुसार पुढचे संवाद, पात्रांचे वागणे आणि शेवट बदलणारी गेममधली यंत्रणा. 'अल्टिमा ४' (१९८५) या गेमने आठ सद्गुणांचा छुपा हिशेब ठेवला, तेव्हापासून ही कल्पना या प्रकारच्या गेममध्ये रुजली.

नोंद ठेवण्याच्या मुख्य पद्धती दोन. एकीत चांगल्या-वाईटाचे गुण साठत जातात, दुसरीत ठरावीक कृतीची खूण कायमची राहते. गुणांच्या पद्धतीतली अडचण 'मास इफेक्ट २' (२०१०) मध्ये नीट दिसते. जॅक आणि मिरांडा या नायकाच्या सहकाऱ्यांचे भांडण दोघींची निष्ठा टिकवून मिटवायचे, तर पॅरागॉन म्हणजे चांगुलपणाची किंवा रेनेगेड म्हणजे कठोरपणाची, यांपैकी एका बाजूचे पुरेसे गुण लागतात. ते कमी पडले की संवादातला तो पर्याय दिसतो, पण निवडता येत नाही. मग एकीची निष्ठा जाते आणि शेवटच्या मोहिमेत ती मरण्याचा धोका वाढतो. त्यामुळे अनेक खेळाडू प्रसंगाचा विचार न करता सुरुवातीपासून एकाच बाजूची उत्तरे निवडत जातात. निवड उरते ती फक्त पहिल्या तासात.

निवडीमुळे शेवटाबरोबर नायकाची ओळखही कशी बदलते, हे 'अंडरटेल' (२०१५) मध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. येथे गुणांचा तक्ता नाही. पडद्यावर EXP आणि LV एवढेच दिसते आणि खेळाडू सवयीने त्यांचा अर्थ अनुभव आणि पातळी असा लावतो. अखेरच्या दालनात सॅन्स हे पात्र खुलासा करते: EXP म्हणजे केलेल्या हत्यांचे मोजमाप आणि LV म्हणजे हिंसेची पातळी. खेळाच्या नेहमीच्या आकड्यांनाच कथेत असा अर्थ मिळतो. एकही हत्या न केलेल्याचा LV शेवटपर्यंत १ राहतो.

कोणालाही न मारता आणि ठरावीक पात्रांशी मैत्री करून गेलात तर शांततेचा शेवट मिळतो, पण त्याआधी एकदा साधा शेवट गाठावा लागतो. साध्या शेवटात सॅन्सचा फोन येतो आणि कोण जिवंत राहिले त्यानुसार त्यातला मजकूर बदलतो. सगळ्यांना मारत जाणे ही संहाराची वाट; तिच्यावर प्रत्येक भागाचा बळींचा आकडा वेगळा असतो: रुइन्समध्ये २०, स्नोडिनमध्ये १६, वॉटरफॉलमध्ये १८, हॉटलँड आणि कोअर मिळून ४०. भागातल्या मुख्य लढतीआधी तो पुरा झालाच पाहिजे. आकडा भरला की वाटेत शत्रू येत नाहीत, फक्त "But nobody came." ही ओळ येते. वाट चुकलेली नाही हे ओळखण्याची खूणही तीच. ती ओळ न दिसता पुढे गेलात, किंवा पापायरस या पात्राला सोडून दिलेत, तर गेम काहीही न सांगता तुम्हाला साध्या शेवटाकडे वळवतो.

या वाटेचा खरा परिणाम टोरिएल या पात्राच्या घरातल्या आरशाजवळ दिसतो. एरवी तेथे "It's you!" असे येते. संहाराच्या वाटेवर तेच वाक्य "It's me," असे होते आणि त्यापुढे सुरुवातीला तुम्ही टाइप केलेले नाव येते. म्हणजे ते नाव तुम्ही चालवत असलेल्या मुलाचे नव्हतेच. ते आधी भूमिगत जगात पडलेल्या दुसऱ्या माणसाचे होते. शांततेच्या वाटेवर चालवलेल्या मुलाचे खरे नाव फ्रिस्क असल्याचे कळते. पात्र एकच आणि आरसाही एकच, पण त्यात कोण दिसतो हे खेळाडूच्या कृतीवर ठरते.

सेव्ह परत लोड केल्यानेही सुटका होत नाही. टोरिएलला मारून, मागे जाऊन तिला वाचवले, तर फ्लोवी हे पात्र ते बोलून दाखवते, कारण काही नोंदी नेहमीच्या सेव्हपासून वेगळ्या फाइलमध्ये राहतात. संहार पूर्ण केला तर जग पुसले जाते आणि ते परत मिळवायला आत्मा देऊन टाकावा लागतो. त्यानंतर शांततेचा शेवट गाठला तरी अखेरचे चित्र बिघडलेले येते: मित्रांचे चेहरे खोडलेला फोटो, किंवा लाल डोळ्यांचे मूल.

विंडोजवर या खुणा सेव्हच्या फोल्डरमधील `system_information_962` आणि `system_information_963` या फाइलींत असतात. पहिली जग पुसल्यावर तयार होते, दुसरी आत्मा दिल्यावर. नुसता 'रीसेट' करून त्या जात नाहीत. गेम बंद करून त्या हाताने काढाव्या लागतात, आणि क्लाउड सेव्ह चालू असेल तर त्या परत येऊ शकतात, म्हणून आधी ते बंद करावे.