खाली सरकलेला रुग्ण वर घेताना

पलंगाचं डोकं वर करून रुग्णाला बसवलं की तो हळूहळू पायथ्याकडे घसरतो. मान उशीवरून उतरते, हनुवटी छातीला टेकते, श्वास घेणं जड जातं. मग दोन सिस्टर दोन बाजूंना उभ्या राहतात, काखेत हात घालतात आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत त्याला वर ओढतात. पाच सेकंदांचं काम, पण एका ड्युटीत ते कितीतरी वेळा होतं. कंबरदुखीचं कारण विचारलं की बहुतेकींना एखादा जड रुग्ण आठवतो. मला मात्र हे पाच सेकंद जास्त घातक वाटतात.

हिशोब करून पाहू. पलंग खाली आहे, सिस्टर वाकली आहे आणि तिच्या वाट्याला रुग्णाचं 20 किलो वजन आलं आहे. हे वजन तिच्या कण्याच्या तळापासून साधारण 50 सेंटीमीटर पुढे आहे. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र कण्याच्या मागे जेमतेम 5 सेंटीमीटरवर असतात. तरफेच्या नियमाने त्यांना दहापट, म्हणजे 200 किलोच्या वजनाइतका जोर लावावा लागतो. शिवाय वाकलेलं तिचं स्वतःचं धड, डोकं आणि हात आहेतच. ते 30 किलो आणि सरासरी 25 सेंटीमीटर पुढे धरले, तर आणखी 150. झाले साडेतीनशे! स्नायूंची ही सगळी ओढ कमरेच्या मणक्यांमधल्या शेवटच्या चकतीवर दाब होऊन पडते. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने 1981 साली या दाबाची मर्यादा 3400 न्यूटन ठरवली, म्हणजे सुमारे 347 किलो. रुग्ण पुरता हललाही नाही तोवर आपण ती ओलांडलेली असते.

चकतीच्या आतल्या भागात वेदना कळवणाऱ्या नसा नसतात. त्यामुळे तिच्या वरच्या-खालच्या पातळ थराला बारीक तडे गेले तरी त्या दिवशी बहुधा काही जाणवत नाही. असे तडे साठत जातात आणि पुढे एखाद्या दिवशी खाली पडलेलं पेन उचलताना कंबर धरते. दोष त्या पेनावर जातो.

‘गुडघ्यातून वाका, पाठ ताठ ठेवा’ हे आपण सगळ्या शिकलो. खोक्यासाठी ते ठीक आहे. पण रुग्णाला धरायला कडा नसतात, तो मध्येच हात झटकतो आणि पलंग आडवा असल्याने आपल्याला पुढे झुकावंच लागतं. म्हणूनच 2007 मध्ये नायॉशच्या थॉमस वॉटर्स यांनी रुग्ण हाताने उचलण्यासाठी मर्यादा सुचवली ती सुमारे 16 किलोची, आणि तीही रुग्ण शांत असेल व अंगाजवळ धरता येत असेल तर. शंभर किलोच्या माणसाचा एक पायच जवळपास तेवढा भरतो.

मग करायचं काय? उचलायचं नाही, सरकवायचं. त्यासाठी स्लाइड शीट लागते, गुळगुळीत कापडाची दुहेरी चादर. आधी पलंगाचे ब्रेक लावा आणि दोघींपैकी जी बुटकी, तिच्या कमरेइतका पलंग वर घ्या. डोक्याकडची बाजू सपाट करा. धाप लागलेल्या रुग्णाला आडवं करता येत नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सलाईनची आणि कॅथेटरची नळी मोकळी आहे ना, ते हाताने चाचपून बघा. रुग्णाला कुशीवर वळवून शीट खांद्यांपासून मांड्यांपर्यंत सरकवा. त्याचे हात छातीवर, गुडघे दुमडलेले, आणि जमत असेल तर टाचांनी तोही रेटा देईल. तुमचे पाय फाकलेले, पुढचा पाय पलंगाच्या डोक्याकडे. शीट अंगाजवळ घट्ट धरा आणि अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्या. जोर पायांतून येतो, कंबर पिळली जात नाही. ओढताना खांदे वर उचलले जात असतील तर तुम्ही सरकवत नाही, उचलताय. थांबा आणि पलंग आणखी वर घ्या. काम झालं की शीट काढाच. ती खाली राहिली तर रुग्ण पुन्हा घसरेल.

फार जड किंवा अजिबात साथ न देणाऱ्या रुग्णाला दोघींनी ओढू नये. तिथे रुग्ण उचलणारी यांत्रिक लिफ्टच हवी. पक्षाघात झालेल्याच्या काखेत तर हात घालूच नका, सैल पडलेला खांदा निखळू शकतो.

दुखणं कमरेपुरतं असेल तर बहुधा काही आठवड्यांत उतरतं. कळ गुडघ्याच्या खाली गेली किंवा पाऊल बधिर झालं, तर नस दाबली गेल्याची शंका घेऊन तपासणी करून घ्यावी. पाऊल उचलेनासं झालं, लघवी अडली किंवा मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर ड्युटी संपायची वाट पाहू नका, त्याच क्षणी डॉक्टरांना गाठा.

रुग्ण घसरतो तो बसवण्याच्या पद्धतीमुळे. त्याचे नितंब पलंग जिथे दुमडतो त्या सांध्यावर नसतील, तर डोकं वर करताच तो खाली ढकलला जातो. म्हणून आधी त्याला त्या सांध्यापर्यंत वर घ्या, मग गुडघ्यांकडचा भाग उचला आणि डोक्याकडचा सगळ्यात शेवटी.