कंपनी लीजची गाडी मुदतीआधी सोडताना: दंड किती, तपासणी कशी, कागद कोणते

नोकरी बदलणाऱ्यांचे लीजचे अर्ज परत येतात, तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं. अर्ज चुकीच्या माणसाने केलेला असतो. पगारातून हप्ता कापला जातो, गाडी आपल्या दारात उभी असते, म्हणून करारही आपलाच आहे असं आपण धरून चालतो. कंपनीमार्फत घेतलेल्या लीजमध्ये मूळ करार लीज कंपनी आणि तुमची कंपनी यांच्यात झालेला असतो. तुम्ही फक्त गाडी वापरणारे असता. त्यामुळे तुम्ही थेट लीज कंपनीला ईमेल केलात, तर 'आपल्या एम्प्लॉयरमार्फत संपर्क साधा' असं दोन ओळींचं उत्तर येतं आणि मधले आठ-दहा दिवस फुकट जातात. विनंती एचआर किंवा ॲडमिनमध्ये गाड्यांचं काम बघणाऱ्या माणसाकडूनच जायला हवी. राजीनामा दिला त्याच आठवड्यात त्याला लेखी कळवा. राजीनाम्याची नोंद सिस्टिममध्ये झाली म्हणून लीज विभागाला आपोआप कळतं, या भरवशावर राहू नका.

पात्रतेबद्दल दोनच गोष्टी बघायच्या असतात. काही करारांत सुरुवातीचा ठरावीक काळ लॉक-इनचा असतो, त्यात गाडी सोडली तर त्या काळाचं उरलेलं भाडं पूर्ण भरावं लागतं. आणि काही कंपन्यांच्या करारात नोकरकपात झाल्यास किंवा कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्यास दंड माफ होण्याचं कलम असतं. ते कलम कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

त्यानंतर तुमच्यापुढे साधारण तीन वाटा असतात. गाडी परत करायची, स्वतः विकत घ्यायची, किंवा नव्या कंपनीकडे लीज वळवायची. तिसरी वाट सगळ्यांना आवडते, पण नव्या कंपनीचा त्याच लीज कंपनीशी आधीपासून करार असेल तरच ती उघडी असते. नसेल तर तुमच्या एका गाडीसाठी कुणी नवा करार करत बसत नाही. म्हणून पहिल्या दोन वाटांचंच गणित नीट बघू.

दंड कसा मोजतात

इथेच लोक सर्वात जास्त फसतात. समजा, 12,00,000 रुपयांची गाडी 48 महिन्यांसाठी घेतली आहे. मुदतीअखेर गाडीची किंमत 3,60,000 उरेल असं करारात धरलंय आणि जीएसटी व देखभाल सोडून भाडं महिना साधारण 25,000 आहे. 26 हप्ते भरून झाल्यावर तुम्ही नोकरी सोडता. बहुतेक जण असा हिशेब करतात: 48 महिन्यांत 8,40,000 फिटणार होते, 26 महिन्यांत त्यातले 4,55,000 फिटले, म्हणजे बाकी 7,45,000. पण लीज कंपनीचा आकडा येतो जवळपास 7,90,000. यात लबाडी नाही. वर्षाला 11 टक्के दराने भाडं बसवलं असेल, तर सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा आणि मुद्दलाचा लहान असतो, अगदी गृहकर्जासारखा. करारासोबत एक तक्ता असतो, त्यात प्रत्येक महिन्याअखेरची बाकी छापलेली असते. हा तक्ता कर्मचाऱ्याकडे जवळजवळ कधीच नसतो, तो ॲडमिनच्या फाइलमध्ये पडून असतो. राजीनामा देण्याआधी तो मागून घ्या.

आता गाडी परत केली असं धरू. लीज कंपनी ती लिलावात काढते, समजा 6,60,000 मिळाले. बाकी 7,90,000 होती, म्हणून 1,30,000 ची तूट तुमच्या नावावर. वर मुदतपूर्व समाप्तीचं शुल्क, समजा बाकीच्या 3 टक्के, म्हणजे 23,700. एकूण 1,53,700. हे पैसे सहसा फुल अँड फायनलमधून कापले जातात आणि कमी पडले तर रिलिव्हिंग लेटर अडकतं.

स्वतः विकत घेतली तर 7,90,000 अधिक 23,700, म्हणजे 8,13,700 द्यावे लागतात. तीच गाडी तुम्ही बाहेर 7,20,000 ला विकू शकलात, तर तोटा 93,700 चा. आरटीओचा खर्च धरूनही परत करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, शिवाय तपासणीची कटकट नाही. अडचण एवढीच की आठ लाख रुपये आधी उभे करावे लागतात, आणि गाडी तुमच्या नावावर होईपर्यंत ती विकता येत नाही.

सगळे करार असा हिशेब करत नाहीत. काहींत ठरावीक महिन्यांचं भाडं दंड म्हणून घेतात, काहींत उरलेल्या भाड्याची टक्केवारी. तुमच्या करारात कोणती पद्धत आहे हे कलम वाचूनच कळेल. कॉल सेंटरवरच्या माणसाच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका. लेखी कोटेशन मागा आणि त्यावरची वैधतेची तारीख बघा. ती सहसा महिनाअखेरची असते, एक तारीख उजाडली की आकडा बदलतो.

जीएसटीबद्दल वाद घालण्यात वेळ घालवू नका. दंडावर जीएसटी कसा, असं प्रत्येक जण विचारतो. 3 ऑगस्ट 2022 च्या केंद्राच्या परिपत्रकानुसार लीज मुदतीआधी सोडू दिल्याबद्दल घेतलेली रक्कम ही करपात्र धरली जाते, आणि दर मूळ भाड्याचाच लागतो. गाडी विकत घेताना मात्र नक्की बघा. लीज कंपनीने गाडी घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेतलेलं नसेल, तर जुन्या गाडीच्या विक्रीवर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि तो पूर्ण किमतीवर नाही. अशा वेळी लीज कंपनीने घसारा घेतलेला असेल, तर विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत यांच्यातल्या फरकावरच तो असतो. कोटेशनमध्ये पूर्ण किमतीवर कर लावलेला दिसला तर तिथेच थांबवा आणि क्रेडिट घेतलंय का ते लेखी विचारा.

भाडं कधी थांबतं

शेवटच्या कामाच्या दिवशी नाही. लीज कंपनीच्या माणसाने गाडी ताब्यात घेतल्याची जी पावती लिहिली, त्यावरच्या तारखेला. बहुतेक करारांत 30 दिवसांची आगाऊ सूचनाही लागते. शुक्रवारी ऑफिस सोडलं, गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये लावली आणि किल्ली सिक्युरिटीकडे दिली, तर गाडी परत केली असं होत नाही. उचलायला माणूस बारा दिवसांनी आला, तर त्या बारा दिवसांचं भाडं तुमचंच. म्हणून उचलण्याची तारीख आधीच लेखी ठरवून घ्या आणि पावतीवर तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.

तपासणी

किलोमीटरची मर्यादा बघताना लोक हमखास चुकतात. करारात 48 महिन्यांसाठी 60,000 किलोमीटर लिहिलेले असतात, गाडी 41,000 चालली आहे, म्हणून आपण निश्चिंत. पण गाडी 26 महिन्यांतच परत येते आहे. मर्यादाही त्याच प्रमाणात कमी होते: महिना 1,250 धरून 32,500. म्हणजे 8,500 किलोमीटर जास्त. किलोमीटरला 4 रुपये दर असेल तर 34,000 रुपये. इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. लिलावात आलेली तूट तुमच्याकडून वसूल होत असेल, तर जास्त चाललेली आणि खरचटलेली गाडी आधीच कमी किमतीला गेलेली असते. वर पुन्हा जास्त किलोमीटरचे आणि दुरुस्तीचे पैसे लावले, तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेतले जातात. काही वेळा हा मुद्दा ईमेलवर मांडला की रक्कम कमी होते. फोनवर मांडलेला मुद्दा मात्र हवेत विरतो.

तपासनीस काय बघतो हे फार गूढ नाही. ओरखड्यावरून नख फिरवतो. नख अडकलं तर रंगकाम, नाही अडकलं तर पॉलिशने जाणारा, म्हणजे नेहमीची झीज. टायरच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं, म्हणजे 1.6 मिलिमीटरवर आलं, तर टायर नवीन लावून घेतात. समोरच्या काचेचा तडा, सीटवरचा सिगारेटचा डाग, अधिकृत सर्व्हिस सेंटरचे चुकलेले टप्पे, हे सगळं फॉर्मवर चढतं. आणि दुसरी किल्ली. ती कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये असते आणि शेवटच्या दिवशी सापडत नाही. आजकालच्या सेन्सरवाल्या किल्लीचे पैसे ऐकून घाम फुटतो, म्हणून आजच शोधा.

बंपर चेपला असेल तर परत करण्याआधी विम्यातून दुरुस्त करून घ्या. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात सक्तीचे 1,000 रुपये आपण भरायचे, त्याहून मोठ्या इंजिनला 2,000, आणि झीज-घसाऱ्याचा वाटा वेगळा. तपासनिसाने लावलेल्या दरापुढे हे बऱ्याचदा कमीच असतं. फक्त दोन वेगवेगळ्या धडकांचे ओरखडे एकाच दाव्यात घुसवू नका, सर्व्हेअर ते ओळखतो आणि सगळाच दावा अडकतो.

तपासणी दिवसा, धुतलेल्या गाडीची आणि तुमच्यासमोर व्हावी असा आग्रह धरा. स्वतःही व्हिडिओ काढा, मीटर दिसेल असा. फॉर्मवरची एखादी नोंद पटली नाही, तर सहीच्या शेजारी 'या नोंदीशी असहमत' असं लिहून मग सही करा. कोरी सही केलेल्या फॉर्मवर नंतर तक्रार चालत नाही.

कागदपत्रं

परत करताना आरसी, विमा, पीयूसी, सर्व्हिस बुक, दोन्ही किल्ल्या, स्टेपनी आणि जॅक एवढं पुरतं. आधी ई-चलन भरून टाका.

विकत घेत असाल तर मात्र आरटीओची फेरी आहे. आधी आरसीवर मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. लीज कंपनीचं किंवा तुमच्या कंपनीचं असेल, तर फॉर्म 29 आणि 30 वर त्यांच्या अधिकृत माणसाची सही-शिक्का लागतो आणि लीजची नोंद असेल तर ती काढायला फॉर्म 35. अर्ज इथेच परत येतात, कारण सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे हे दाखवणारं पत्र किंवा बोर्डाचा ठराव आरटीओत मागतात, आणि तो कुणीच सोबत दिलेला नसतो. पैसे भरायच्या आधी त्याची प्रत मागा. पैसे पोचल्यावर लीज कंपनीकडून ईमेलला उत्तर यायला लागणारा वेळ चमत्कारिकरीत्या वाढतो. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल, तर तिथल्या आरटीओचं फॉर्म 28 चं ना-हरकत पत्रही लागेल.

विमा मालकाच्या नावावर असतो, त्यामुळे इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. नाव बदलण्यासाठी विमा कंपनीकडे 14 दिवसांत अर्ज करायचा. गाडी परत करणाऱ्यांनी फास्टॅग बँकेकडून बंद करून घ्यावा, नुसता काचेवरून खरवडून भागत नाही. तो तुमच्या खात्याशी जोडलेला राहिला, तर गाडी लिलावातून पुढे गेल्यावरही टोल तुमच्याच खात्यातून जाऊ शकतो.