घरी वाजणारा कॉल वावरात मुका का होतो?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात शेजारच्या काकूंच्या घरी फायबरचे इंटरनेट आहे आणि पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा रोज चॅट ॲपवरून व्हिडिओ कॉल करतो. कापूस वेचणीच्या दिवसांत काकू दिवसभर वावरात असतात. तिथे त्याचा कॉल वाजतच नसे, आणि दुपारी धुऱ्यावर बसून ॲप उघडले की चार-पाच मिस्ड कॉल एकदम दिसत. “घरी वाजते, वावरात मुकाच राह्यते,” असे सांगत त्यांनी फोन माझ्या हाती दिला, तेव्हा मी तीन गोष्टी विचारल्या. साधा कॉल वावरात येतो का? येतो. तिथून ॲप उघडून तुम्ही स्वतः मुलाला कॉल केला तर लागतो का? लागतो. मग ॲप बंद असतानाच वाजत नाही का? हो.

या तीन उत्तरांत निदान जवळजवळ झालेच होते. साधा कॉल टेलिफोन कंपनीच्या स्वतंत्र व्यवस्थेतून येतो आणि त्याचा इंटरनेटच्या डेटाशी हिशेब नसतो, म्हणून तो आल्याने ॲपच्या कॉलबद्दल फारसे कळत नाही. काकूंनी केलेला कॉल लागत होता, म्हणजे टॉवर आणि डेटा दोन्ही ठीक होते. अडत होते ते एवढेच, की पडद्याआड असलेल्या ॲपला मोबाइल डेटा मिळत नव्हता.

अँड्रॉइडमध्ये 2016 साली, सातव्या आवृत्तीपासून, Data Saver नावाची सोय आली. ती चालू असली की डोळ्यांसमोर उघडलेल्या ॲपला डेटा मिळतो, पण पार्श्वभूमीतल्या ॲपचा डेटा फोन रोखून धरतो. मात्र ही बंदी ज्या जोडणीवर वापर मोजून पैसे लागतात असे फोन समजतो, तिच्यापुरतीच असते. मोबाइल डेटा अशा मोजणीच्या जोडणीत येतो आणि घरचे वाय-फाय सहसा येत नाही, त्यामुळे तोच फोन उंबरठ्याच्या आत एक वागतो आणि बाहेर दुसरे. कॉल आल्याची वर्दी ॲपला सर्व्हरकडून इंटरनेटवरूनच मिळते. ती अडली की घंटी वाजवायची कोणी? काकूंचा रोजचा डेटा लवकर संपतो म्हणून दुकानातल्या मुलाने ही सोय चालू करून दिली होती. त्याची चूक म्हणता येणार नाही, पण एक अपवाद ठेवायचा राहून गेला होता.

तो अपवाद असा ठेवतात. Settings मध्ये Data Saver उघडावे आणि तिथल्या Unrestricted data या यादीत चॅट ॲपपुढचे बटण चालू करावे. बाकी ॲपवरची बंदी तशीच राहते. काही कंपन्यांच्या फोनवर या पाट्यांची नावे थोडी वेगळी असतात. ॲपच्या App info मधील डेटाच्या पानावर Background data बंद नाही ना, हेही पाहावे, कारण ते बंद असेल तर Data Saver बंद करूनही उपयोग होत नाही. डेटा भराभर संपेल अशी काकूंना भीती होती. बोलण्याचा आवाज साधारण 32 किलोबिट प्रति सेकंद या वेगाने गेला, तर दोन्ही बाजू मिळून तासाला तीसेक एमबी होतात, प्रत्यक्षात थोडे अधिक. व्हिडिओला मात्र याच्या कितीतरी पट डेटा लागतो.

मायक्रोफोन आणि कॅमेऱ्याच्या परवानग्यांवर लोक आधी संशय घेतात. पण या परवानग्यांना जोडणी कोणती आहे याच्याशी कर्तव्य नसते. मायक्रोफोन नाकारलेला असेल तर तुमचा आवाज वाय-फायवरही पोचणार नाही. एक फसवी शक्यता तेवढी आहे. अँड्रॉइड 11 पासून परवानगी विचारताना Only this time असा पर्याय येतो. घरी तो निवडून बोलणे झाले आणि परवानगीची मुदत संपल्यावर वावरातून कॉल केला, तर फोन पुन्हा विचारतो, आणि गडबडीत ती नाकारली गेली की दोष डेटाला दिला जातो. अशा वेळी त्या परवानगीसाठी While using the app हा पर्याय निवडावा.

काकूंच्या फोनवर बदल केल्यावर कॉल वावरात वाजू लागला. त्याआधी मात्र एक गंमत झाली होती. खातरजमा म्हणून मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट देऊन त्यांचा फोन वाय-फायवर घेतला, तरी तो मुकाच राहिला. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट जोडलेल्या फोनला आपण मोजणीची जोडणी असल्याचे कळवतो, म्हणून वाय-फायचे चिन्ह दिसत असूनही तिथे Data Saver लागू होतो.

वावराच्या नाल्याकडच्या टोकाला रेंज टूजीवर घसरते. तिथे काकूंनी ॲप उघडून केलेला कॉलही लागत नाही, आणि तेवढ्या जागेपुरता फोनमधल्या कोणत्याच बटणाचा उपयोग होत नाही.