मशीनिंग लाइनवरील स्क्रॅप कमी करण्याची डीमेक पद्धत

डीमेक ही उत्पादनातील दोष कमी करण्याची पाच टप्प्यांची पद्धत आहे. डिफाइन, मेझर, अ‍ॅनालाइझ, इम्प्रूव्ह आणि कंट्रोल या टप्प्यांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले. तिची मुळे १९८० च्या दशकात मोटोरोला कंपनीत सुरू झालेल्या सिक्स सिग्मा कार्यक्रमात आहेत. मशीन शॉपमध्ये स्क्रॅपचे कारण बहुधा सर्वांना ‘माहीत’ असते आणि प्रत्येकाचे कारण वेगळे असते. कारण सिद्ध होईपर्यंत उपायाला हात लावायचा नाही, हा या पद्धतीचा खरा गाभा आहे.

पुढील उदाहरण बिडाच्या हबवर बेअरिंगची बैठक बोअर करणाऱ्या सीएनसी लेथचे आहे. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण त्यांमागची यंत्रणा कोणत्याही बोअरिंगला लागू पडते. बोअरचे माप ३० एच७, म्हणजे ३०.००० ते ३०.०२१ मिमी. सगळी मिळून २१ मायक्रॉनची जागा, म्हणजे टॉलरन्स.

डिफाइन. ‘स्क्रॅप फार आहे’ हे प्रश्नाचे वर्णन होत नाही. महिन्याला २०,००० नगांपैकी ८४० भंगारात जातात, म्हणजे ४.२ टक्के. त्यांची कारणवार विभागणी केल्यावर ४६० नग बोअर मोठे झाल्याने, २१० ब्लोहोलमुळे, म्हणजे ओतकामात राहिलेल्या वायूच्या पोकळ्यांमुळे, आणि उरलेले १७० किरकोळ कारणांनी गेलेले दिसतात. ब्लोहोल मशीनिंगनंतर उघडे पडतात, पण ते फाउंड्रीत तयार होतात. ते या प्रकल्पात ओढले तर गटाची ताकद वाटली जाते. म्हणून प्रश्न असा लिहिला जातो: बोअर मोठे होऊन जाणारे नग ४६० वरून १२० वर आणायचे. तेवढ्याने एकूण स्क्रॅप २.५ टक्क्यांवर येते. बोअर लहान राहिले तर पुन्हा कापता येते, मोठे झाले की नग गेलाच. हा एकतर्फीपणा पुढे उपाय ठरवताना कामी येतो.

मेझर. या टप्प्यात घाई सर्वांत महाग पडते. आधी मापनपद्धत तपासायची: तीन ऑपरेटर, दहा नग, प्रत्येक नग प्रत्येकाने तीनदा मोजायचा आणि आधीचे वाचन कोणाला दाखवायचे नाही. मापनातला फरक टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० टक्क्यांच्या वर गेला तर त्या मापावर निर्णय घेता येत नाही. येथे तो ३८ टक्के निघाला. बोअर गेज सेटिंग रिंगवर फक्त शिफ्टच्या सुरुवातीला शून्य केला जात होता आणि नग गरम असतानाच मोजले जात होते. रिंगपेक्षा १२ अंश सेल्सिअसने गरम असलेल्या बिडाच्या नगात ३० मिमीचे बोअर जवळजवळ ४ मायक्रॉनने मोठे दिसते. म्हणजे टॉलरन्सचा पाचवा हिस्सा केवळ उष्णतेने खाल्ला. भंगाराच्या पेटीतले ५० नग रात्रभर मापनकक्षात ठेवून सकाळी पुन्हा मोजले, तेव्हा ११ नग मापात निघाले. चांगला माल भंगारात जात होता, आणि तो थांबवायला मशीनला हात लावावा लागला नाही. नग धुऊन थंड करणे आणि गेज दर तासाला रिंगवर तपासणे एवढ्याने मापनातला फरक १७ टक्क्यांवर आला.

अ‍ॅनालाइझ. आता उरलेले नग खरोखर मोठे होते. ते का, याची यादी फिशबोन आकृतीवर सहज वीस ओळींची होते: स्पिंडलचा खेळ, ढिला चक, कूलंटचे प्रमाण, नवखा ऑपरेटर. यादीवर मतदान घेऊन कारण ठरवणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याऐवजी दोन आठवडे प्रत्येक नगावर अनुक्रमांक टाकला आणि इन्सर्ट, म्हणजे हत्याराचे बदलता येणारे कापणारे पाते, बदलल्याची वेळ नोंदवली. त्या काळात मोठे झालेले नग ९२. त्यांतले ६१ इन्सर्ट बदलल्यानंतरच्या पहिल्या तीन नगांत सापडले. शिफ्ट, ऑपरेटर किंवा मशीननुसार मांडणी केली असता असा ठसठशीत फरक कुठेच दिसला नाही.

यामागची साखळी अशी. बोअरिंगमध्ये इन्सर्ट झिजत जातो तसे बोअर लहान होत जाते. ऑपरेटर वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायला कंट्रोलमध्ये टाकलेल्या आकड्यात, दोन-दोन, तीन-तीन मायक्रॉन वाढवत माप सांभाळतो. इन्सर्टचा कापणारा कोपरा संपेपर्यंत ऑफसेटमध्ये व्यासावर १५ मायक्रॉन साठलेले असतात. नवा कोपरा लावला, पण ऑफसेट तसाच राहिला, की पहिलाच नग तेवढ्याने मोठा कापला जातो. त्यात नव्या कोपऱ्याचे टोक जुन्याच्या जागी नेमके बसत नाही. ग्राइंड न केलेल्या इन्सर्टमध्ये हा फरक काही शतांश मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून ऑफसेट शून्य करूनही धोका संपत नाही. खात्रीसाठी दहा बदल जुन्या पद्धतीने आणि दहा पुढच्या टप्प्यात दिलेल्या नव्या पद्धतीने, आलटून-पालटून केले. जुन्या पद्धतीत सात वेळा पहिला नग मोठा झाला, नव्यात एकदाही नाही. जुन्या पद्धतीवर परतल्यावर दोषही परत आला, म्हणून कारण सिद्ध झाले.

इम्प्रूव्ह. नवी पद्धत बोअरच्या एकतर्फीपणावर उभी आहे: बदलानंतरचा पहिला नग मुद्दाम लहान कापायचा, थंड करून मोजायचा, फरक ऑफसेटमध्ये टाकायचा आणि तोच नग पुन्हा कापायचा. किती लहान, हा प्रश्न नाजूक आहे. २०-३० मायक्रॉनच ठेवले तर कापाची खोली धारेच्या गोलाईपेक्षाही कमी पडते, इन्सर्ट कापण्याऐवजी घासतो आणि मोजलेला फरक ऑफसेटमध्ये टाकूनही माप मिळत नाही. येथे फिनिशिंगला व्यासावर ०.४ मिमी ठेवलेले होते. त्याच्या अर्धे, म्हणजे ०.२ मिमी राखले. फानुक कंट्रोलवर, ऑफसेट व्यासात धरला जात असेल, तर तिसऱ्या टूलसाठी हे एका ओळीत होते:

```
G10 P3 X-0.2
```

ही ओळ वेगळ्या उपप्रोग्रॅममध्ये असते आणि इन्सर्ट बदलल्यावर तो एकदाच चालवला जातो. ती मुख्य प्रोग्रॅममध्ये राहिली तर प्रत्येक नग लहान निघेल.

कंट्रोल. अनेक प्रकल्प येथे ढासळतात, कारण भिंतीवर लावलेली सूचना वाचायला कोणाला वेळ नसतो. म्हणून टूल लाइफ काउंटर ठरलेल्या नगसंख्येला मशीन थांबवतो आणि उपप्रोग्रॅम चालवल्याशिवाय सायकल सुरू होत नाही, अशी बांधणी केली. इन्सर्ट आयुष्याआधीच तुटला तर मात्र काउंटरची साखळी सुटते. तिथे सेटरनेच उपप्रोग्रॅम चालवायचा, हे कंट्रोल प्लॅनमध्ये स्वतंत्र लिहावे लागते.

चालू मापासाठी दर अर्ध्या तासाला पाच नगांची सरासरी नियंत्रण तक्त्यावर भरली जाते. येथे एक इशारा हवा. प्रत्येक नग मोजून प्रत्येक वेळी ऑफसेट हलवला तर माप सुधारत नाही, उलट पसरते. प्रक्रिया मुळात स्थिर असेल आणि दर वेळी पूर्ण फरकाएवढी दुरुस्ती केली, तर मापांचा व्हेरियन्स दुप्पट होतो. झिजेचा उतार तक्त्यावर दिसतोच. सरासरी ठरलेली रेषा ओलांडेल तेव्हाच, आणि ठरलेल्या मापानेच, ऑफसेट बदलायचा.

प्रकल्प बंद करण्याआधी तीन महिन्यांचे स्क्रॅप त्याच व्याख्येने आणि त्याच जागी मोजले जाते. या काळात आकडा उतरला पण रिवर्क वाढला असेल, तर दोष फक्त एका पेटीतून दुसऱ्या पेटीत गेलेला असतो. नंतर तक्ता आणि कंट्रोल प्लॅन लाइनच्या प्रमुखाच्या ताब्यात जातात. इन्सर्टचा ग्रेड, बोअरिंग बार किंवा फिनिशिंगची शिल्लक यांपैकी काहीही बदलले, तर ०.२ मिमीचा आकडा पुन्हा तपासावा लागतो.