फांदीवरची संभाव्यता आणि उलटी विचारलेली संभाव्यता

सशर्त संभाव्यतेचे शाब्दिक उदाहरण हल्ली बहुतेक वेळा पुस्तकाच्या पानाचा फोटो म्हणून मोबाइलवर येते, आणि अशा फोटोत वरची आकडेवारी ठळक दिसते पण शेवटची ओळ पानाच्या वळणात किंवा बोटाच्या सावलीत गेलेली असते. नेमके त्या ओळीवरच सारे अवलंबून असते. ‘पहिली पिशवी निवडली गेली असेल तर चेंडू लाल असण्याची संभाव्यता’ आणि ‘चेंडू लाल निघाला असेल तर तो पहिल्या पिशवीतला असण्याची संभाव्यता’ या दोन वेगळ्या राशी आहेत. त्यांची वृक्षाकृती मात्र एकच असते, आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे.

फोटोतले उदाहरण असे आहे असे धरू. पहिल्या पिशवीत 4 लाल व 1 पांढरा असे 5 चेंडू आहेत; दुसऱ्या पिशवीत 6 लाल व 14 पांढरे असे एकूण 20 चेंडू आहेत. एक फासा टाकला. 1 किंवा 2 आल्यास पहिल्या पिशवीतून, अन्यथा दुसऱ्या पिशवीतून एक चेंडू न पाहता काढला. तो लाल आढळला, तर तो पहिल्या पिशवीतून काढलेला असण्याची संभाव्यता काढा.

आकृती काढण्यापूर्वी आकडे तपासून घ्यावेत. पुसट फोटोत 6 चा 8 सहज होतो, पण 8 आणि 14 मिळून 20 होत नाहीत, त्यामुळे ही चूक लगेच पकडली जाते. उदाहरणात एकूण संख्या दिलेली नसेल, तर ही सोय राहत नाही. तेव्हा फोटो पुन्हा मागवणे हाच खरा उपाय, कारण चुकीच्या आकड्यांवरही वृक्षाकृती अगदी व्यवस्थित उभी राहते.

वृक्षाकृती घडलेल्या क्रमानेच काढायची असते, प्रश्न कोणताही असो. आधी पिशवी ठरते, मग चेंडू निघतो. म्हणून पहिल्या टप्प्यावर पिशव्यांच्या फांद्या आणि दुसऱ्या टप्प्यावर रंगांच्या. फाशाच्या सहापैकी दोन अंकांवर पहिली पिशवी मिळते, म्हणून तिच्या फांदीवर 1/3 आणि दुसरीच्या फांदीवर 2/3 येते. प्रत्येक फांदीपुढे त्या वाटेवरच्या आकड्यांचा गुणाकार लिहावा.

```
पहिली 1/3 ─┬─ लाल    4/5   → 4/15
           └─ पांढरा  1/5   → 1/15
दुसरी 2/3 ─┬─ लाल    3/10  → 3/15
           └─ पांढरा  7/10  → 7/15
```

एका गाठीतून निघालेल्या फांद्यांची बेरीज 1 आली पाहिजे आणि शेवटच्या चार गुणाकारांचीही. इथे 4, 1, 3 आणि 7 मिळून 15 होतात, म्हणजे आकृती बरोबर आहे.

आता दोन्ही राशी शेजारी ठेवून पाहू. पहिली राशी, P(लाल | पहिली), आकृतीत आयती लिहिलेली आहे: 4/5. दुसऱ्या टप्प्यावरची प्रत्येक फांदी ही मुळात सशर्त संभाव्यताच असते, कारण तिच्या आधीची फांदी घडून गेली आहे असे धरूनच तिच्यावर आकडा लिहिलेला असतो. या राशीसाठी काहीही मोजावे लागत नाही. दुसरी राशी, P(पहिली | लाल), आकृतीत कोणत्याच फांदीवर नाही. ती मिळवण्यासाठी लाल रंगाशी संपणाऱ्या सगळ्या वाटा गोळा कराव्या लागतात: 4/15 आणि 3/15, मिळून 7/15. चेंडू लाल आहे हे कळल्यावर पांढऱ्याच्या दोन्ही वाटा बाद होतात आणि उरलेल्या 7/15 मध्ये पहिल्या पिशवीचा वाटा किती, एवढाच प्रश्न राहतो. 4/15 भागिले 7/15, म्हणजे 4/7. थॉमस बेझ यांच्या निधनानंतर 1763 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाशी ज्याचे नाव जोडले गेले, ते बेझचे प्रमेय अशा उदाहरणात एवढेच सांगते.

अपूर्णांक नकोसे वाटत असतील, तर हाच प्रयोग 150 वेळा केला असे समजावे. सरासरीने 50 वेळा पहिली पिशवी येईल आणि त्यांपैकी 40 वेळा चेंडू लाल निघेल. 100 वेळा दुसरी येईल आणि त्यांपैकी 30 वेळा लाल निघेल. पहिल्या राशीत हे 40 आपण 50 पैकी मोजतो, दुसऱ्या राशीत तेच 40 एकूण लाल निघालेल्या 70 पैकी मोजतो, आणि ‘पिशवी पहिली असणे व चेंडू लाल असणे’ असे विचारले असेल तर 150 पैकी मोजतो. अंश तिन्हीकडे तोच. छेद कोणता घ्यायचा, ते अट ठरवते. गुणाकार करून 4/15 वर थांबणारा विद्यार्थी अट विसरलेला असतो, तर 4/5 लिहिणाऱ्याने अट उलटी धरलेली असते.

आणखी एक चुकीचे उत्तर वरवर इतके पटणारे असते की ते सहजी सुटत नाही. दोन्ही पिशव्यांत मिळून 10 लाल चेंडू, त्यांपैकी 4 पहिल्या पिशवीतले, म्हणून 2/5. ही मोजणी सगळे लाल चेंडू हाती येण्याची शक्यता सारखी मानते. प्रत्यक्षात पहिल्या पिशवीतला एखादा ठरावीक चेंडू येण्याची संभाव्यता 1/3 गुणिले 1/5, म्हणजे 1/15 आहे, तर दुसऱ्या पिशवीतल्या एखाद्या चेंडूची 2/3 गुणिले 1/20, म्हणजे फक्त 1/30.

शेवटची ओळ वाचताना ‘असेल तर’, ‘आढळला’, ‘निघाला असता’, ‘असे समजले’ हे शब्द शोधावेत. त्यांना जोडलेली घटना ही अट. अट आकृतीच्या पहिल्या टप्प्यावर असेल तर उत्तर फांदीवरून उचलायचे, दुसऱ्या टप्प्यावर असेल तर वाटा गोळा करून भागाकार करायचा. त्या ओळीचा पूर्वार्धच फोटोत कापला गेला असेल, तर उरलेल्या आकड्यांवरून प्रश्नाची दिशा ओळखता येत नाही.

पत्त्यांच्या उदाहरणांत हा फरक लपून राहतो. 52 पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढून परत न ठेवता दुसरा काढला, तर पहिला एक्का असताना दुसरा एक्का असण्याची संभाव्यता 3/51. आणि दुसरा एक्का आहे हे कळल्यावर पहिला एक्का असण्याची संभाव्यताही 3/51 च येते. कारण एवढेच की अट नसताना पहिला पत्ता एक्का असण्याची आणि दुसरा एक्का असण्याची संभाव्यता दोन्ही 1/13 आहेत, त्यामुळे छेद सारखाच राहतो. पिशव्यांच्या उदाहरणात तो 1/3 आणि 7/15 असा वेगळा होता. म्हणून दिशा उलटी धरूनही ज्याचे पत्त्यांचे उत्तर जुळले, त्याला त्याच कॅटवर दुसरा प्रश्न घालावा: पहिला पत्ता एक्का असेल तर दोन्ही एक्के असण्याची संभाव्यता किती, आणि दोन्ही एक्के असतील तर पहिला एक्का असण्याची किती? पहिले उत्तर 3/51, दुसरे 1.