गायकबदल (रॉक बँडमधील)

मुख्य गायक गेल्यावर दुसरा गायक घेऊन त्याच नावाने बँड चालू ठेवणे. अशा वेळी चाहत्यांत पडणाऱ्या फुटीचे कारण सहसा जुन्या गायकावरील निष्ठा हे सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे; कारण गायक बदलला की पुष्कळदा चाल बांधण्याची रीतही बदलते. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथ या बँडच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

मूळ गायक ऑझी ऑस्बोर्न बँडबाहेर पडल्याचे वर्ष सामान्यतः १९७९ धरतात. मात्र १९७७ च्या अखेरीसही तो काही काळ बाहेर होता आणि डेव्ह वॉकर त्याच्या जागी गात होता, त्यामुळे तुटण्याची सुरुवात त्याआधीच झाली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९७९ मध्ये नवा गायक म्हणून रॉनी जेम्स डिओ आला आणि १९८० मध्ये ‘हेवन अँड हेल’ हा अल्बम निघाला. ऑझीचा गळा अनेकदा टोनी आयोमीच्या गिटारवरील रिफच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरओळीच्या, मागोमाग जाई. ‘आयर्न मॅन’मध्ये गाणे आणि गिटार जवळजवळ एकाच चालीवर आहेत. डिओ रिफला न चिकटता तिच्यावरून स्वतंत्र चाल नेई. ‘हेवन अँड हेल’ या शीर्षकगीताच्या कडव्यांत गिटार बरीच मागे सरते, बास एकसुरी ठेका धरून राहतो आणि गळ्याला मोकळी जागा मिळते. शब्दही बदलले: पूर्वी ते मुख्यतः बासवादक गीझर बटलर लिही, आता डिओ स्वतः लिहू लागला. थोडक्यात, नाव तेच राहिले तरी रचनेचा व्यवहार दुसरा झाला.

तर्जनी व करंगळी उभारण्याची खूणही याच वादातली. डिओच्या सांगण्यानुसार, ऑझी दोन बोटांनी शांततेची खूण करीत असल्याने त्याला स्वतःची वेगळी खूण हवी होती आणि ती त्याने दृष्ट काढणाऱ्या आपल्या इटालियन आजीकडून घेतली. कव्हन या बँडच्या १९६९ च्या अल्बमवर ती आधीच दिसते. तेव्हा डिओ तिचा जनक नसून प्रसारक होता, हे मत ग्राह्य वाटते.

मैफलीत मात्र जुनी गाणी टाळता येत नाहीत, आणि तुलना तेथेच तीव्र होते. १९८२ च्या अखेरीस ऑझीने आपल्या नव्या साथीदारांसह सबाथची गाणी ‘स्पीक ऑफ द डेव्हिल’ या मैफलीतील ध्वनिमुद्रणाच्या अल्बममध्ये आणली. जवळपास त्याच सुमारास बँडच्या ‘लाइव्ह इव्हिल’ या तशाच अल्बममध्ये त्यांतलीच काही डिओच्या गळ्यातून आली. एकच ‘पॅरानॉइड’ दोन दावेदारांकडून ऐकायला मिळाल्याने बाजू घेणे सोपे झाले. ‘लाइव्ह इव्हिल’च्या ध्वनिमिश्रणावरून भांडण होऊन डिओही बँड सोडून गेला. त्यानंतरच्या गायकांपैकी इयान गिलन (१९८३) व टोनी मार्टिन यांचे निरनिराळे चाहते आहेत.

२००६ मध्ये डिओ, आयोमी, बटलर व ढोलवादक विनी अ‍ॅपिसी पुन्हा एकत्र आले, तेव्हा त्यांनी ‘हेवन अँड हेल’ हे नाव घेतले आणि ऑझीच्या काळातील गाणी कार्यक्रमांतून वगळली.